पालाणाखाली

रामाजीपंतांनी कोपरापर्यंत हात गोणीत घातला. वरची ज्वारी गार होती, आत मात्र ऊब लागली. मूठभर दाणे बाहेर काढून त्यांनी दिवटीच्या उजेडात धरले आणि एक दाताखाली दाबला. तो कटकन फुटायला हवा होता. नुसताच चेपला.

“ही बाजूला काढ. भिजवलेली आहे.”

हैबती मापाऱ्याने गोणी ओढून बाजूला लावली. दिवेलागणीपासूनची ही तिसरी. पाणी मारलं की दाणा फुगतो, कमी दाण्यात पायली भरते आणि व्यापाऱ्याचं साधतं. पुढे वाटेत ती गोणी आतून तापते, कुबट वास मारायला लागते आणि शेजारच्या दोन गोण्यांना घेऊन बुडते. व्यापारी पैसे घेऊन दुपारीच निघून गेला होता. त्याच्यामागे माणूस धाडायला आता वेळ नव्हता.

फाल्गुन वद्यातली काळोखी रात्र. १७६० साल. उदगिरीला निजामाला नमवून आलेली फौज परतूरला उतरली होती आणि उजाडताच भाऊसाहेबांच्या हाताखाली उत्तरेला कूच करणार होती. बुराडीच्या घाटावर दत्ताजी शिंदे पडल्याची बातमी आल्यापासून तळावर दुसरं बोलणं नव्हतं. अब्दालीला अटकेपार घालवायचं, एवढंच. पाडवा तीन-चार दिवसांवर आलेला, तो वाटेतच होणार. तळाच्या त्या टोकाला इब्राहिमखानाच्या तोफा जुंपण्याची आरडाओरड चालली होती.

“लाभ,” हैबतीने पहिली पायली ओतली. मग दोन, तीन, चार. पायली शिगेने भरायची, वरून हात फिरवायचा नाही, हा पंतांचा नेम. प्रत्येक गोणी मापून घेणं शक्य नव्हतं, म्हणून दहातली एक फोडायची आणि तिच्यावरून बाकीच्या धरायच्या. फोडायची कोणती ते पंत दाखवत. मापारी दाखवणार नाही आणि गोणी भरणारा तर नाहीच.

केशव कारकून पेटीवर दौत ठेवून लिहीत होता. पोरगा सतरा-अठराचा, अक्षर सुरेख, पण डोळ्यांवर झोप आलेली.

“किती झालं, केशवा?”

“बैल ३१०. बैलामागे दोन गोण्या, गोणीत दीड मण. एकंदर ९३० मण. म्हणजे साडेशेहेचाळीस खंडी.”

“आणि खाणारी तोंडं?”

“९००. माणशी शेरभर धरलं तर रोज साडेबावीस मण. एक्केचाळीस दिवस.”

या ९०० तोंडांत सारी फौज नव्हे. हुजुरातीच्या कारखान्यांची माणसं तेवढी कोठीवर जेवत: मुदबखाचे आचारी, फरास, उंटवाले, पखालजी, खिजमतगार, रात्रीच्या चौक्यांवरचे. सरदारांनी आपापलं पाहायचं, शिपायाने बाजारातून घ्यायचं, आणि बाजार भरायचा तो वंजाऱ्यांच्या तांड्यांनी. घोड्यांचा हरभरा वेगळा, त्याची चिंता पागेवाल्यांना. वाटेत कुठे धारण चढली आणि शिपायाला बाजार परवडेना, की तोही कोठीच्या दारात येऊन उभा राहतो, हे पंतांनी पाहिलं होतं. तेव्हा नाही म्हणायचं काम कोठावळ्याचं.

एक्केचाळीस दिवसांत नर्मदा ओलांडून होईल, सिरोंजेच्या आसपास पोचता येईल. चंबळ नाही. पुढचं गोविंदपंत बुंदेले पुरवतील, असं दप्तरातले सगळे म्हणत. रामाजीपंत लिहिताना फक्त कोठीत असलेलं धरत.

कोठीच्या कनातीला लागून यात्रेकरूंचं एक टोळकं पथारी पसरून झोपलं होतं. फौजेच्या आसऱ्याने मथुरा होईल, प्रयाग होईल, काशी होईल, म्हणून निघालेली म्हातारी माणसं. त्यांचा रकाना वहीत नव्हता. कुणी तो पाडायला सांगितलं नव्हतं आणि कुणी त्यांना परत जा असंही सांगितलं नव्हतं.

दाणा आटोपून पंत घोंगड्यांकडे वळले. वीस-वीसचे पंचेचाळीस गठ्ठे, माणशी एक या हिशेबाने. येसू सणगर आपल्या दोन पोरांसह दिवस मावळायच्या आधीच ते घेऊन आला होता आणि पैशांची वाट पाहत गठ्ठ्यांना टेकून बसला होता. पंतांनी एका गठ्ठ्याची दोरी सोडली, मधली घोंगडी ओढली आणि झटकून खांद्यावर टाकली. काळ्या लोकरीची, चिंचोक्यांची खळ नुकती बसलेली, त्यामुळे कडक. काठ चिमटीत धरून ताणला. वीण सरकली नाही.

“चांगली आहे रे.”

“सहा घरांनी बसून विणल्यात जी. बाया रातीच्याबी कातीत होत्या.”

तेवढ्यात फडातला कारकून आला. हातात बंद, मागे मशालजी. तोही दिवसभर उभाच असणार, आवाज पार बसला होता.

“पंत, घोंगड्यांचे उंट मिळणार नाहीत. तोफखान्याने बाणांसाठी नेले.”

“सगळे?”

“सगळे. आणि खरं विचाराल तर चैत्र लागतोय. माणसं अंगरखे काढून चालतील. घोंगडी लागणार कुणाला? निम्मा पैसा दिलेला आहे, निम्मा वाचवा. दादासाहेबांची स्वारी कर्ज घेऊन परतली, ते तुम्हाला मी सांगायला नको. या खेपेला पै न पै विचारली जाणार आहे.”

ते खरंच होतं, आणि पंतांना मान्यही होतं. उधळपट्टी त्यांना स्वतःलाच खपत नसे. पण दादासाहेबांच्या त्याच स्वारीत ते कोठीवर होते. दिल्लीच्या बाजूला पौष-माघ त्यांनी तंबूत काढला होता. पहाटे खोगिरांवर दहिवर पांढरं धरायचं. माणसं शिध्याच्या रिकाम्या गोण्या उसवून पांघरायची आणि पंतांकडे येऊन विचारायची, आणखी रिकाम्या झाल्या का? गोणी रिकामी व्हावी म्हणून वाट पाहणारी माणसं. एका पहाटे एक बारगीर घोड्याच्या पोटाला टेकून बसलेला सापडला. उठवायला गेले तर हात दुमडलेला तसाच राहिला. त्याचं नाव हजेरीतून काढून केशवच्या आधीच्या कारकुनाने शेरभर दाणा कमी केला होता.

“मोहीम दसऱ्याच्या आत आटोपली तर तुमचं खरं,” पंत म्हणाले. “नाही आटोपली तर?”

“तर तिकडे घेऊ. दिल्लीला काय घोंगड्या मिळत नाहीत?”

“लाखभर माणसं एकाच महिन्यात मागायला लागली की काहीच मिळत नाही.”

कारकून गप्प राहिला. मग म्हणाला, “वाहणार कशावर ते सांगा. माणसांच्या खांद्यावर द्याल तर बऱ्हाणपूर यायच्या आत विकून खातील.”

तेही खरं होतं. पंत उठले आणि बैलांच्या दावणीकडे गेले. मशालीच्या उजेडात एकेका बैलाच्या पाठीवरून हात फिरवत चालले. उदगिरीहून येताना बऱ्याच जनावरांच्या पाठी सोलल्या होत्या. पालाणाखाली घातलेल्या गवताच्या गाद्या झिजून चपट्या झाल्या होत्या. एका बैलाने हात लागताच कातडी थरथरवली आणि शिंग वळवलं.

“केशवा, इकडे ये. एक घोंगडी आण. दोन आण.”

त्यांनी घोंगडीची चौपदरी घडी केली, तिच्यावर दुसरीची, दोन्ही बैलाच्या पाठीवर ठेवल्या, वर पालाण चढवलं, तंग आवळला आणि गोण्या लादायला लावल्या. बैलाला दावणीभोवती दोनदा फिरवलं. ओझं सरकलं नाही. पालाण उतरवून पुन्हा बोटांनी पाठ चाचपली. खळीमुळे घोंगडी थोडी टोचरी होती, पण चार दिवसांत घामाने नरम पडली असती.

“पालाणाखालची गादी,” ते कारकुनाला म्हणाले. “वेगळं ओझं नाही, उंट नको. पाठी सोलल्याने बैल बसले तर ९३० मण दाणा रस्त्यात पडेल. तसं लिहा.”

“घामाने कुजतील.”

“नर्मदेला धुऊ. वास येईल. ज्याला थंडी वाजेल त्याला वास चालेल.”

कारकुनाने मशालजीला पुढे बोलावलं आणि पालाणाखाली स्वतः हात घालून पाहिलं. “३१० बैल, ६२० घोंगड्या. एवढ्यांचे पैसे मी आत्ता मोजतो. उरल्या २८०. त्यांचं मला काही सांगू नका, पंत.” तो येसूपुढे खाली बसला, थैलीतले रुपये एकेक करून वाजवत मोजून दिले आणि दिवटीपाशीच बंदावर सही केली.

येसू रुपये हातात धरून उठला. “आन् ह्या दोनशे ऐंशी? म्या परत नेऊन काय करू जी? उन्हाळ्यात घोंगडं कोन घेतंय?”

पंतांनी केशवला लिहायला बसवलं. इथल्या कमाविसदाराच्या नावे चिठ्ठी: घोंगडी नग २८०, येसू सणगर याजपाशी अमानत. दसरा होताच पहिल्या रसदेबरोबर स्वारीत रवाना करावी, बाकी पैका त्यास पोचता करावा. खाली शिक्का उठवला.

येसूने चिठ्ठी घेतली, उलटसुलट पाहिली. त्याला वाचता येत नव्हतं. “तुमी गेल्यावर हे कोन वाचल, पंत?”

याला पंतांपाशी उत्तर नव्हतं. ते त्या तीन भिजक्या गोण्यांकडे गेले. “ही ज्वारी वाटेत टिकणार नाही. उद्या अंगणात पातळ पसर, दोन कडक उन्हं दे, दर घटकेला पाय फिरव. वास जाईल, खायला होईल. साडेचार मण. ही सगळी तू घे, तुझ्या पैशातून वळती करू नको.” मग केशवकडे वळून, “भिजकी, वाहण्यास नालायक, सणगरास दिली. माझ्या नावे लिही. उद्या कुणी विचारलं तर मी सांगेन.”

येसूची पोरं गोण्या उचलायला धावली. येसू मात्र तिथेच उभा होता. मग वाकून त्याने उरलेल्या गठ्ठ्यांतल्या एकाची दोरी घट्ट केली. “दसऱ्याला बांधूनच ठेवतो. कसर लागू द्यायचा न्हाई.”

मध्यरात्र उलटून गेली तरी पालाणं चढवणं चालूच होतं. एकेका बैलाला तीन माणसं, घडी घालायला एक, धरायला एक, आवळायला एक. पंत मागून येत आणि प्रत्येक घडी चौपदरीच आहे ना ते पाहत. घाईत कुणी दुमड ठेवली की तिथेच पाठीला फोड येतो. आठ-दहा पालाणं त्यांनी पुन्हा उतरवायला लावली. माणसं कुरकुरली, पण उतरवली.

पहिली नौबत व्हायच्या आधी तोफखान्याचा माणूस धापा टाकत आला. एका थोरल्या तोफेची जोडी बसली होती. चार बैल हवेत, आत्ता, खानसाहेबांचा निरोप.

पंतांनी दावणीवर नजर टाकली. लंगडे द्यावेत असं मनात आलं. पण लंगड्या बैलांनी तोफ ओढायची नाही आणि तोफ अडली की मागचा सगळा रस्ता अडायचा, कोठीसकट. त्यांनी चार धडधाकट बैल सोडवले. त्यांच्या पाठीवरच्या गोण्या उतरल्या, पालाणं उतरली, घड्या उतरल्या. बारा मण दाणा, म्हणजे अर्ध्या दिवसाहून थोडं जास्त. घोंगड्या आठ.

“येसू अजून आहे का रे?”

“हाय जी. गाडी जुंपतोय.”

“त्याला थांबव. केशवा, ३०६ कर. ज्वारी ९१८ मण. घोंगड्या ६१२. आठांचे पैसे फडाने मोजलेत, ते येसूकडेच राहू दे, तसं शेजारी लिही. आणि ती चिठ्ठी मागून घे, दुसरी करू. २८८.”