पुठ्ठ्याचं घडीचं मखर : दहा बाय बाराच्या खोलीतल्या गणपतीसाठी

(व्हिडिओची संहिता. लांबी ९ मिनिटं. काम तीन संध्याकाळींचं.)

००:०० | कॅमेऱ्यासमोर, रिकाम्या कोपऱ्यात उभं राहून

नमस्कार. हे आमचं परळचं घर. चाळीतली खोली, दहा बाय बारा. कपाट आणि खिडकी यांच्या मधल्या या अडीच फुटांत आमचा गणपती बसतो, पाच दिवस. मूर्ती शाडूची, नऊ इंचांची.

२०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली, त्याआधी आम्हीही थर्माकोलचंच मखर आणायचो. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दादरच्या चौपाटीवर गेले होते, तेव्हा वाळूत त्याचे पांढरे मणी साबुदाण्यासारखे पसरलेले पाहिले. वेचायला बसले, पण चिमटीत धरला की एकाचे चार होत होते. ते दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

पण नुसतं थर्माकोल सोडून भागत नाही. कागदाचं मखर करून पाच दिवसांनी टाकलं, तरी तो कचराच. म्हणून आजचं मखर घडीचं आहे. गणपती गेले की मिटायचं, कपाटामागे सरकवायचं आणि पुढच्या भाद्रपदात उघडायचं.

००:५५ | साहित्य, सगळं चटईवर मांडून

*पडद्यावर:*
- पुठ्ठ्याची मोठी खोकी ३ (फ्रिज किंवा वॉशिंग मशिनची असली तर उत्तम)
- रद्दी, साधारण १५ दिवसांची
- मैदा १ वाटी, पाणी ४ वाट्या, तुरटीची पूड १ लहान चमचा
- गेरू पाव किलो
- तांदूळ अर्धी वाटी, रात्रभर भिजवलेले
- खायचा डिंक २ चमचे, पाण्यात विरघळवून
- हळद, आणि पानवाल्याकडचा चुना चिमूटभर
- जुनी सुती साडी, काठ चांगला असलेली
- पांढरे कोरे कागद १०
- कटर, लोखंडी पट्टी, पेन्सिल, दोन ब्रश, सुईदोरा

*आवाज:* खोकी विकत घेऊ नका. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात संध्याकाळी मागितली की देतात. चकचकीत छपाईची खोकी मात्र टाळा, त्यावर खळ धरत नाही. सेलोटेप आणि चमकी यादीत नाहीत, कारण दोन्ही प्लास्टिकच.

०१:४० | पहिली संध्याकाळ : खळ आणि पुठ्ठा

मैदा थंड पाण्यातच कालवा, गुठळी राहता कामा नये. मग मंद आचेवर ढवळत राहा. पांढरं मिश्रण जरा पारदर्शक दिसायला लागलं आणि डाव उचलल्यावर तार लोंबली की गॅस बंद. तुरटी आता घाला. पावसाळी हवेत खळ लवकर आंबते, तुरटीने दोन-तीन दिवस निघतात.

आता नीट बघा, सगळी मजबुती इथे आहे. *(कॅमेरा पुठ्ठ्याच्या कडेजवळ)* पुठ्ठ्याच्या पोटात या नळ्या दिसतात. त्या ज्या दिशेने जातात त्या दिशेने पुठ्ठा ताठ राहतो, आडवा वाकतो. गेल्या वर्षी मी एकेरी पुठ्ठा वापरला, नळ्या आडव्या ठेवून. तिसऱ्या दिवशी, बाहेर संततधार आणि घरात आरतीची गर्दी, पाठ हळूहळू पुढे झुकायला लागली. बाबांनी मागे पाट टेकवला म्हणून निभावलं. यंदा प्रत्येक तुकडा दुहेरी आहे. एका थराच्या नळ्या उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या.

*पडद्यावर मापं:* पाठ २४ × ३० इंच, १ | बाजू १२ × ३० इंच, २ | कमान २६ × १० इंच, १

थर चिकटवले की सपाट जमिनीवर, वर गादी आणि गादीवर तांदळाचा डबा. रात्रभर हलवायचं नाही.

*टाइमलॅप्स पट्ट्या:*
७.१० | खोकी सपाट झाली
७.४५ | कापताना लोखंडी पट्टी, कटर तीनदा हलका, एकदा जोरात नाही
८.३० | खळ कडेपर्यंत
९.०५ | जेवणासाठी सगळं पलंगाखाली
१०.२० | गादी, डबा, दिवा बंद

०३:५० | दुसरी संध्याकाळ : कागद, बिजागरी, खाचा

रद्दीचे तळहाताएवढे तुकडे फाडा, कापू नका. फाटलेली कड पातळ असते, जोड दिसत नाही. आणि खळीने पुठ्ठ्याच्या प्रत्येक तुकड्याला पुढून-मागून लावा. एकाच बाजूला लावलात तर ती वाळताना आवळते आणि पुठ्ठ्याला बाक येतो.

वाळायला पंखा फुल्ल, तुकडे उभे टेकवून. कडा ओल्या राहिल्या तर सुती फडक्यावरून मध्यम गरम इस्त्री.

बिजागरीसाठी साडीच्या तीन इंच रुंद पट्ट्या. पाठ मध्ये, दोन्ही बाजू शेजारी, सांध्यावर पट्टी, आतून. सांध्यात पुठ्ठ्याच्या जाडीएवढी फट सोडा, नाहीतर घडी बसत नाही. बारा आणि बारा चोवीस, म्हणून दोन्ही बाजू मिटल्या की बरोब्बर पाठीवर येतात.

ही साडी आईची आहे. कापायच्या आधी तिला विचारलं.

*मी:* आई, काठ पण घेऊ का गं?
*आई:* घे की. पण आडवी कापू नकोस, उभी फाड, सरळ जाईल. आणि पदर ठेव मला, त्याची पिशवी शिवते.

कमानीला खालून अर्धगोल कापा. दोन्ही टोकांपासून एक इंच आत, खालून वर तीन इंचांची खाच. बाजूंच्या वरच्या कडेला, पुढून एक इंच सोडून, तशीच खाच वरून खाली. रुंदी पुठ्ठ्याच्या जाडीएवढीच. कमान वरून सरकवली की खाचेत खाच अडकते, मखर उभं राहतं. ना खिळा, ना तार.

*टाइमलॅप्स पट्ट्या:*
६.५० | फाडण्यात शेजारची पोरंही आली
८.१५ | दोन्ही बाजू पूर्ण
९.४० | पहिली घडी. मिटली!

०६:१० | तिसरी संध्याकाळ : रंग

गेरू पाण्यात, त्यात निम्मं डिंकाचं पाणी. डिंक नसेल तर हात लावला की गेरू बोटाला येतो. दोन हात द्या. भिजवलेले तांदूळ गंधासारखे वाटून उरलेला डिंक घाला आणि काडीने नक्षी काढा. मी कमानीवर आंब्याची पानं काढली, बाजूंवर रांगोळीचे ठिपके.

आता माझा आवडता भाग. *(वाटीचा क्लोजअप)* हळदीच्या पाण्यात कागद बुडवले की पिवळे होतात. त्याच वाटीत चुन्याची निवळी टाका. बघा, एका क्षणात लाल! हळदीचा रंग चुन्याच्या क्षाराने बदलतो. या दोन रंगांच्या कागदांची कमळं करून कमानीवर सुईदोऱ्याने टाचा. हा रंग उन्हात उडतो, त्यामुळे खिडकीकडची बाजू सोडा. चुन्याला हात लावताना जपा, मुलांना लांब ठेवा.

काठ कमानीच्या कडेला. झालं.

*टाइमलॅप्स पट्ट्या:*
७.०० | गेरू, पहिला हात
८.१० | दुसरा हात
९.३० | पिवळं, लाल, कमळ
१०.४५ | बाबांनी पाट ठेवून बघितला

०८:०० | सजलेलं मखर, ताजी फुलं

झेंडूचं तोरण चतुर्थीच्या पहाटे दादरच्या फुलबाजारातून, दोऱ्यात ओवलेलं. सॅटिनची किंवा प्लास्टिकची फुलं नकोत.

समई आणि निरांजन मखराच्या आत ठेवू नका. हा कागद आहे. दिवा एक फूट पुढे, कापूर आरतीच्या तबकातच. आतल्या उजेडासाठी एलईडी माळ चालेल, पण रात्री झोपताना बंद करा.

निर्माल्य रोजच्या रोज वेगळं, दोरा काढून, कुंडीतल्या खतात किंवा पालिकेच्या निर्माल्य कलशात.

०८:४० | शेवटचा टाइमलॅप्स : पाचवा दिवस, रात्र

*पट्ट्या:*
९.१५ | कमळं काढून बिस्किटाच्या डब्यात
९.१८ | कमान वर उचलली
९.१९ | डावी बाजू, उजवी बाजू
९.२० | सुती चादरीत गुंडाळलं, सोबत कडुनिंबाची सुकी पानं
९.२२ | कपाटामागे