फर्मागुढीच्या वसतिगृहात राहायला गेलेल्या सायलीस

डिचोली, १२ ऑगस्ट

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

काकी म्हणाली, पहिल्या आठवड्यात तुला घरची फार आठवण आली. ते ओसरेल, मात्र अभ्यासाची घडी आताच बसव. चवथीला सगळेच घरी येतात आणि परतल्यावर पुन्हा लय लागेपर्यंत पंधरा दिवस सहज निघून जातात, म्हणून सुट्टीपूर्वी गणिताची पहिली दोन प्रकरणे उदाहरणांसह पुरी करून ठेव. माझ्या पहिल्या सत्रात मी हेच टाळले आणि दिवाळीच्या सुमारास रात्री जागून भरपाई करावी लागली.

प्रयोगवही त्याच संध्याकाळी लिही, कारण दुसऱ्या दिवशी निरीक्षणांचा अर्थ आठवत नाही. हजेरी ७५ टक्क्यांच्या खूप वर ठेव. पावसात ताप येतोच, तेव्हा तीच शिल्लक उपयोगी पडते. खोलीत गप्पा रंगतात, त्या हव्याही आहेत, परंतु जेवणापूर्वीचे दोन तास वाचनालयात बस. दर शनिवारी घरी येऊ नकोस, पंधरा दिवसांनी ये. कदंब बसने हा प्रवास फार लांबचा नसला तरी रविवार त्यातच संपतो.

काही अडल्यास मला रात्री नऊनंतर नि:संकोच फोन कर.

तुझी,
माईताई