भागीदारी करारनामा: मे. यादव बंधू ट्रेडर्स, सांगली

आज दिनांक 29 सप्टेंबर 2025, वार सोमवार, रोजी सांगली मुक्कामी हा भागीदारी करारनामा लिहून ठेवला आहे.

पक्ष क्र. 1: श्री. सुहास दत्तात्रय यादव, वय 44, धंदा शेती व व्यापार, रा. कवलापूर, ता. मिरज, जि. सांगली (यापुढे 'सुहास').

पक्ष क्र. 2: श्री. अभिजित विलास यादव, वय 33, धंदा व्यापार, रा. सांगली, ता. मिरज, जि. सांगली (यापुढे 'अभिजित').

आम्ही दोघे सख्खे चुलत भाऊ आहोत. हळद व बेदाण्याच्या खरेदी-विक्रीचा धंदा भागीदारीत करण्याचे आम्ही ठरवले आहे. नात्यात कागद कशाला, असे घरात बोलले गेले. नाते टिकावे म्हणूनच कागद हवा, असे आमच्या दोघांचे मत आहे. सबब भारतीय भागीदारी कायदा, 1932 ला धरून पुढील अटी आम्ही राजीखुशीने मान्य करत आहोत.

1. नाव, जागा व सुरुवात
पेढीचे नाव 'मे. यादव बंधू ट्रेडर्स' असे राहील. मुख्य ठिकाण सांगली मार्केट यार्डातील भाड्याचा गाळा असून भाडेकरार पेढीच्या नावे केला जाईल. धंदा विजयादशमी, दिनांक 2 ऑक्टोबर 2025 पासून सुरू होईल. हिशोबी वर्ष 1 एप्रिल ते 31 मार्च. पहिले वर्ष 2 ऑक्टोबर 2025 ते 31 मार्च 2026. भागीदारीला मुदत नाही, पण कोणी बाहेर पडायचे झाल्यास कलम 10 प्रमाणेच पडेल.

कलम 58 खालील नोंदणीसाठी निबंधकांकडे अर्ज करण्याची जबाबदारी अभिजितची. ही नोंदणी झाल्याखेरीज उधारीवर माल द्यायचा नाही. नोंदणी नसलेल्या पेढीला कलम 69 मुळे करारातल्या येण्यासाठी बाहेरच्यावर दावा लावता येत नाही, आणि हळदीच्या धंद्यात उधारी टळत नाही. बाजार समितीचा परवाना व जीएसटी नोंदणीही पेढीच्याच नावे घ्यायची.

2. धंद्याचे स्वरूप
सौद्यात हळद व बेदाणा खरेदी करणे, हळद पॉलिश करून घेणे, बेदाणा शीतगृहात ठेवणे आणि घाऊक विक्री करणे. हळदीच्या वायद्यात पेढीचा पैसा घालायचा नाही, कितीही खात्रीची बातमी आली तरी नाही. दुसरा माल घ्यायचा झाल्यास दोघांच्या सहीचा ठराव लागेल.

3. भांडवल
सुहास 14,00,000 रुपये व अभिजित 6,00,000 रुपये, एकूण 20,00,000 रुपये, बँकेमार्फत पेढीच्या खात्यात भरतील. ही रक्कम ज्याची त्याची वैयक्तिक आहे. कवलापूरच्या वडिलोपार्जित सामाईक जमिनीचा, घराचा किंवा इतर चुलत्यांच्या हिश्श्याचा या पेढीशी संबंध नाही. ती जमीन कोणत्याही कर्जाला तारण दिली जाणार नाही.

जादा पैसा लागल्यास आधी बँकेकडे जायचे. भागीदाराने स्वतःहून घातलेली जादा रक्कम भांडवल न धरता पेढीला दिलेले कर्ज धरली जाईल व तिच्यावर द.सा.द.शे. 9 व्याज मिळेल. तिने नफ्याचा हिस्सा बदलणार नाही.

4. व्याज, वेतन व नफा-तोटा
हिस्सा भांडवलाप्रमाणे घ्यावा की कष्टाप्रमाणे, यावर आमची बरीच चर्चा झाली. शेवटी असे ठरले की पैशाचा मोबदला व्याजातून आणि वेळेचा मोबदला वेतनातून द्यायचा. त्यानंतर जे उरेल ते दोघांनी घेतलेल्या जोखमीचे, म्हणून निम्मे-निम्मे.

(अ) भांडवलावर द.सा.द.शे. 9 दराने साधे व्याज मिळेल, पण फक्त नफ्यातून.

(आ) दोघेही कार्यकारी भागीदार आहेत. अभिजित पूर्ण वेळ देईल. त्याचे वेतन दरमहा 30,000 रुपये. सुहास शेती सांभाळून सौद्याच्या दिवशी व मालाच्या पारखीसाठी हजर राहील; त्याचे वेतन दरमहा 10,000 रुपये. व्याज व वेतन आयकर कायद्याच्या कलम 40(ब) मधील मर्यादेतच राहील आणि त्यावर नियमाप्रमाणे करकपात होईल.

(इ) व्याज व वेतन वजा जाता उरणाऱ्या नफ्यातील 20 टक्के गंगाजळीत जातील, गंगाजळी 5,00,000 रुपये होईपर्यंत. बाकी नफा 50:50. तोटाही 50:50. गंगाजळीवर दोघांचा समान हक्क.

पुढे वाद नको म्हणून एक हिशोब येथेच मांडतो. पूर्ण वर्षात व्याज-वेतनापूर्वी नफा 9,60,000 रुपये झाला असे धरू. सुहासचे व्याज 1,26,000 व अभिजितचे 54,000, मिळून 1,80,000. वेतन अभिजितला 3,60,000 व सुहासला 1,20,000, मिळून 4,80,000. उरले 3,00,000. त्यातून गंगाजळीला 60,000. बाकी 2,40,000 मधून प्रत्येकी 1,20,000. म्हणजे सुहासच्या हाती एकूण 3,66,000 व अभिजितच्या हाती 5,34,000 रुपये. हे आकडे दोघांनी वाचून मान्य केले आहेत.

(ई) ज्या वर्षी तोटा होईल त्या वर्षी व्याज नाही आणि सुहासला वेतन नाही. अभिजितचे घर याच धंद्यावर चालणार असल्याने त्याला दरमहा 15,000 रुपये वेतन मिळेल. वर्षभरात त्यापेक्षा जास्त उचल झाली असेल, तर ती त्याच्या खात्यावर नावे पडेल.

5. बँक, सही व उधारी
पेढीचे चालू खाते दोघांच्या नावे राहील. 1,00,000 रुपयांपर्यंत एकाची सही चालेल, त्यावर दोघांची. ऑनलाइन पैसे पाठवतानाही हीच मर्यादा लागू. त्यासाठी एक रक्कम तोडून दोनदा पाठवायची नाही.

एका व्यापाऱ्याकडे 3,00,000 रुपयांहून जास्त किंवा 45 दिवसांहून लांब उधारी राहील असा माल दोघांच्या लेखी संमतीशिवाय (व्हॉट्सअॅपवरचा होकार चालेल) द्यायचा नाही. पाहुण्यांना, भावकीला उधार देताना रक्कम कितीही असो, दोघांची संमती हवी. नाही म्हणण्याचा अवघडपणा एकट्यावर येऊ नये यासाठी ही अट आहे. शेतकऱ्याचे पैसे मात्र नियमातल्या मुदतीत गेलेच पाहिजेत. ते थकवून दुसरा सौदा करायचा नाही.

पेढीच्या नावे कर्ज काढणे, जामीन राहणे, येणे सोडून देणे, दावा मागे घेणे, स्थावर घेणे वा विकणे ही कामे एकट्याने करता येणार नाहीत. बाहेरच्या देणेकऱ्याला दोघेही वैयक्तिक व संयुक्तपणे जबाबदार आहोत याची आम्हाला जाणीव आहे. म्हणूनच ही मर्यादा मोडून कोणी नुकसान केले तर आपसात ते त्यानेच सोसायचे.

6. सुहासच्या शेतातील हळद
सुहास स्वतः हळद पिकवतो. ती पेढीला थेट विकायची नाही. दुसऱ्या अडत्याकडे उघड सौद्यात लावायची. पेढीला हवी असल्यास तेथे बोली अभिजितच लावेल आणि पट्टी दप्तरात राहील.

7. माल, विमा व पूर
शीतगृहाच्या पावत्या पेढीच्या नावेच घ्यायच्या. मालाचा विमा आग, चोरी व पूर या तिन्हींसाठी असावा आणि हंगामात साठा वाढेल तशी रक्कम वाढवावी. 2019 आणि 2021 चे पाणी आम्ही दोघांनी पाहिले आहे. कृष्णेची पातळी आयर्विन पुलाजवळ 40 फूट या इशारा पातळीला लागली, की 45 फुटांची वाट न पाहता सखल जागेतला माल हलवायला सुरुवात करायची. तो खर्च पेढीचा. त्या वेळी जो हजर असेल त्याला कलम 5 मधील रकमेची मर्यादा लागू नाही.

8. हिशोब
रोजमेळ व खतावणी गाळ्यावरच राहील आणि दोघांना केव्हाही पाहता येईल. दर महिन्याच्या 10 तारखेपर्यंत येणे-देणे व साठ्याची यादी दोघांनी मिळून तपासून सही करायची. वार्षिक ताळेबंद दोघांनी नेमलेले सीए करतील.

9. मतभेद
दोघांच्या पेढीत बहुमत होत नाही. एकमत नसेल तर नवा सौदा, नवे कर्ज किंवा नवी नेमणूक करायची नाही. चालू काम चालू ठेवायचे.

10. निवृत्ती
(अ) निवृत्त होणाऱ्याने त्या वर्षीच्या 31 मार्चपर्यंत लेखी नोटीस द्यायची. निवृत्ती 30 सप्टेंबर रोजीच लागू होईल. फेब्रुवारी ते मे हा हळदीचा जोर. त्यात एकाने हात काढला तर दुसरा मोडून पडेल. सप्टेंबरपर्यंत बराच माल विकलेला व वसुली झालेली असते. गंभीर आजारात ही तारीख लागू नाही.

(आ) एक गेल्यावर उरलेला एकटा भागीदारी चालवू शकत नाही. म्हणून 30 सप्टेंबरपूर्वी त्याने नवा भागीदार घ्यावा किंवा धंदा सर्व येण्या-देण्यासह एकट्याच्या मालकीत घ्यावा. दोन्ही नको असल्यास पेढी विसर्जित होईल. आधी देणी, मग भागीदारांची कर्जे, मग भांडवल फेडून उरेल ते निम्मे-निम्मे.

(इ) जाणाऱ्याचे येणे ठरवण्यासाठी त्या दिवसाचा स्वतंत्र ताळेबंद होईल. माल खरेदी किंमत व बाजारभाव यांतील कमी दराने धरायचा. उधारी 90 दिवसांच्या आतली पूर्ण, 91 ते 180 दिवसांची 75 टक्के. त्याहून जुनी धरायची नाही, वसूल होईल तशी निम्मी द्यायची. नावलौकिकाची किंमत मागील तीन पूर्ण वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याइतकी धरून जाणाऱ्याला तिचा निम्मा भाग मिळेल. तीन वर्षे पूर्ण नसतील तर काही नाही.

(ई) येणे रकमेचा चौथा हिस्सा 30 दिवसांत. बाकी सहा समान तिमाही हप्त्यांत, 9 टक्के व्याजासह. दोन हप्ते लागोपाठ थकले तर सर्व रक्कम एकदम देय होईल.

(उ) राहणाऱ्याने 90 दिवसांत बँकेकडून जाणाऱ्याची जामिनकी सोडवून घ्यायची. तोपर्यंत त्या कर्जाची झळ जाणाऱ्याला लागल्यास भरपाई द्यायची.

(ऊ) निवृत्तीची सूचना निबंधकांना देणे, राजपत्रात व सांगली जिल्ह्यात खप असलेल्या किमान एका मराठी वृत्तपत्रात जाहीर करणे हे काम 15 दिवसांत सुरू करायचे, खर्च निम्मा-निम्मा. ही नोटीस निघेपर्यंत गेलेला भागीदारही बाहेरच्यांना जबाबदार राहतो, त्यामुळे जाणाऱ्याला ती स्वतःही काढता येईल.

(ए) जाणारा एक वर्ष सांगली मार्केट यार्डात हळद-बेदाण्याचा व्यापार करणार नाही. स्वतःचा शेतमाल विकायला बंदी नाही. 'यादव बंधू' हे नाव राहणाऱ्याकडे राहील.

11. मृत्यू
दोनच भागीदार असल्याने एकाच्या मृत्यूने पेढी संपते. वारस आपोआप भागीदार होईल असे लिहून उपयोग नाही. म्हणून असे ठरले की हयात भागीदाराने 15 दिवसांत मयताच्या पत्नीकडे 1,00,000 रुपये हिशोबापोटी द्यायचे. धंदा पुढे चालवण्याचा पहिला हक्क त्याचा राहील आणि वारसांचे येणे कलम 10 (इ) व (ई) प्रमाणे फेडले जाईल. वारसांनी नवे भांडवल घालावे असा आग्रह धरता येणार नाही. त्यांना भागीदार व्हायचे असल्यास नवा करार लागेल.

12. वाद
प्रथम दोघांनी आमच्या आत्या श्रीमती शकुंतला माने यांच्यासमोर बसायचे. त्या दोघांच्याही सारख्याच आहेत. त्यांचा सल्ला बंधनकारक नाही, पण बसणे बंधनकारक आहे. 30 दिवसांत मिटले नाही तर दोघांनी मिळून नेमलेल्या एकाच लवादाकडे, लवाद व सलोखा कायदा, 1996 प्रमाणे प्रकरण जाईल. ठिकाण सांगली, भाषा मराठी.

13. बदल
या करारातील बदल फक्त लेखी पुरवणी कराराने होईल. योग्य मुद्रांकावर केलेला मूळ करार पेढीच्या दप्तरात राहील व प्रत्येकाकडे साक्षांकित प्रत राहील.

वरील मजकूर आम्ही स्वतः वाचला, समजून घेतला व साक्षीदारांसमक्ष सह्या केल्या.

सही/- सुहास दत्तात्रय यादव
सही/- अभिजित विलास यादव

साक्षीदार:
1. सही/- शकुंतला माने, रा. मिरज
2. सही/- राजेंद्र शिंदे, रा. तासगाव