कडक भाकरीला पुठ्ठा म्हणणाऱ्या दादांना

दादा, नमस्कार. सोलापूरचं जेवण म्हणजे पुठ्ठा, शेंगांचा भुगा आणि नुसतं तिखट, असं तुम्ही लिहिलंत. आमची बोली ऐकली की भांडण चालू आहे असं वाटतं आणि आधी शुद्ध मराठी शिका, असंही लिहिलंत. राग नाही आला. एकच काळजी वाटली, तुम्हाला कडक भाकरी कुणी तशीच कोरडी चावायला दिली का? दिली असेल तर तुमच्या दाढांची मीच माफी मागतो.

ती तशी खायची नसते हो. ताटात शेंगांची आमटी घ्यायची, गरम आणि वर तर्री आलेली. भाकरी हातानं मोडून तिच्यात टाकायची आणि जरा थांबायचं. अर्धी मऊ झाली, अर्धी अजून कुरकुरतेय, तेवढ्यात घास उचलायचा. शेजारी हातानं फोडलेला कांदा आणि दह्याची वाटी. कोरडीच खायची तर तुकड्यावर शेंगा चटणी आणि दही घ्यायचं. तिखट लागलं तर आणखी दही मागायचं. इथं त्याला कुणी हसत नाही, वाढणारी माणसं उलट खूश होतात.

आता शेंगा चटणीला भुगा म्हणालात, तर सांगतो. शेंगदाणे भाजून लसूण, लाल तिखट, जिरं, मीठ घालून उखळात कांडायचे. दाण्याचं तेल सुटून चटणी गोळा धरायला लागेपर्यंत हात थांबवायचा नाही. मिक्सरमध्ये फिरवली की कोरडी भुकटी होते. तुमच्या पानात बहुतेक तीच आली असणार. तिला नावं ठेवलीत तर मी तुमच्या बाजूनं उभा राहीन.

आणि भाकरी एवढी कडक का, याला कारण आहे. आमचा मुलूख अवर्षणाचा, पावसाचा भरवसा नाही. रब्बीची ज्वारी परतीच्या पावसानंतर पेरतात आणि काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर ती उभी राहते. मालदांडी तिथलीच. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या ज्वारीची पातळ भाकरी थापायची, भाजायची आणि पार वाळवायची, म्हणजे ती बरेच दिवस टिकते. रानात न्या, वारीला न्या, परगावी शिकणाऱ्या पोराच्या ट्रंकेत भरा. चटणीही तशीच, पाण्याचा थेंब नसलेली, म्हणून टिकाऊ. पाणी कमी असलेल्या गावातल्या बायकांनी पाण्याशिवाय टिकणारं आणि चवीनं खाता येईल असं अन्न शोधून काढलं. मला त्याचा मनापासून अभिमान आहे.

बोलीचं म्हणाल तर, 'काय करालास बे?' हे आमच्याकडे विचारपूस करणं आहे. चौकात दोन मित्र मोठ्यानं असं बोलताना दिसले तर सोडवायला जाऊ नका, चहा पाजतील. शहराच्या पूर्व भागात घराघरांत माग चालायचे, त्या खटखटीत हळू बोललेलं पलीकडच्याला ऐकूच जायचं नाही. खरं भांडण ओळखायची खूण वेगळी आहे. जिवाभावाचा मित्र एकदम 'अहो, तुम्ही' म्हणायला लागला की समजायचं, बिनसलं. (तुम्हाला मी तुम्ही म्हणतोय ते पाहुणे म्हणून, घाबरू नका.)

शुद्धतेचं मात्र आमच्याकडं अवघड आहे. ज्या सिद्धरामेश्वरांना आम्ही ग्रामदैवत मानतो, त्यांनी बाराव्या शतकात वचनं लिहिली ती कन्नडमध्ये. मागावर बसणारी पद्मशाली घरं तेलुगू बोलतात. बाजारात उर्दू, घरी मराठी. एकच बाई भाजीवाल्याशी कन्नडमध्ये घासाघीस करते, शेजारणीशी तेलुगूत बोलते आणि पोराला मराठीत ओरडते. ती मराठी सगळ्यांच्या ओसरीवर बसून आली आहे, त्यामुळे तिचा हेल निराळा लागणारच. तुमचा हेलही छान आहे, तुमच्या गावचा आहे. माझ्या आईला तो ऐकायला आवडेल.

तेव्हा असं करा. हुरड्याच्या दिवसांत या, संक्रांतीच्या आसपास. सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्राही तेव्हाच असते, नंदीध्वजांची मिरवणूक बघता येईल. शेतात आगटीवर कणसं भाजून हातावर चोळलेला गरम हुरडा खा, सोबत चटणी, गूळ, दही. दुपारी घरी जेवायला. तिखट कमी हवं असेल तर आदल्या दिवशी सांगा, आई आमटी वेगळी करेल. आणि जाताना कडक भाकऱ्यांची चवड आणि चटणीचं पुडकं बांधून देतो, घरच्यांना आधी आमटी करायला सांगा.