पुणे–दिल्ली, जानेवारी, दोन रात्री: फक्त केबिन बॅग

मर्यादा: ७ किलो, ५५ × ३५ × २५ सेमी. आदल्या रात्री वजनकाट्यावर.

कपडे
अंगावर (जाताना): गडद निळा ब्लेझर, जीन्स, पांढरा शर्ट, काळे लेदर बूट. जड ते सगळं अंगावरच, बॅगेत नाही.
मीटिंग, मंगळवार: राखाडी पँट, आकाशी शर्ट, तोच ब्लेझर.
मीटिंग, बुधवार आणि परत: तीच पँट, बारीक रेघांचा शर्ट, आतून थर्मल. दिल्लीची थंडी पुण्यासारखी नाही. थर्मल हवंच, स्वेटर जागा खातो.
अंतर्वस्त्रं आणि मोज्यांचे ३ जोड, रात्रीचा टीशर्ट-पायजमा, मफलर (हातात).
शर्ट गुंडाळून, पँट सगळ्यात खाली सपाट.
टूथब्रश, छोटी पेस्ट, व्हॅसलीन, गोळ्या.

गॅजेट्स (वरच्या कप्प्यात, तपासणीला ट्रेमध्ये काढावी लागतात)
लॅपटॉप, चार्जर
फोन, एकच टाइप-सी केबल
पॉवर बँक २०,००० एमएएच, म्हणजे सुमारे ७४ वॅट-अवर. १०० च्या आत, चालते. बॅग गेटवर घेतली तर आधी ही काढून घ्यायची!
इअरफोन, क्लिकर, एचडीएमआय अडॅप्टर
प्रेझेंटेशन पेन ड्राइव्हवरही

कागदपत्रं
मूळ आधार कार्ड. डिजियात्रा चालू असलं तरी जवळ
बोर्डिंग पास, हॉटेल बुकिंग (स्क्रीनशॉट)
करार, २ प्रती, कडक फोल्डरमध्ये
कंपनीचा जीएसटी क्रमांक: हॉटेलच्या बिलावर चेक-इनलाच घालून घ्यायचा, नंतर बदलायला फार त्रास
व्हिजिटिंग कार्डं
पावत्यांसाठी रिकामं पाकीट

धुक्यामुळे विमान लांबलं तर: सुका खाऊ, रिकामी बाटली. दिल्ली ऑफिसला भाकरवडी, जागा उरली तरच.