प्रथम सत्र २०२५-२६ : वर्गनिहाय निकाल व उपस्थिती अहवाल

दिनांक : ७ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. मुख्याध्यापिका

विषय : इयत्ता ५ वी ते १० वी, प्रथम सत्र

महोदया,

वर्गशिक्षकांची गुणपत्रके, कॅटलॉग आणि पोषण आहार नोंदवही पडताळून हा अहवाल देत आहे. 'उत्तीर्ण' म्हणजे प्रत्येक विषयात किमान ३५ टक्के. खालच्या वर्गांना आपण एरवी श्रेणी देतो, पण तुलनेसाठी सर्वांना एकच माप लावले आहे.

| इयत्ता | पट | परीक्षेस बसले | उत्तीर्ण | उत्तीर्ण % | जुलै उपस्थिती % | ऑक्टोबर उपस्थिती % |
|---|---|---|---|---|---|---|
| ५ वी | ५८ | ५७ | ५१ | ८९ | ९३ | ८८ |
| ६ वी | ६१ | ६० | ५२ | ८७ | ९२ | ८६ |
| ७ वी | ६३ | ६१ | ५० | ८२ | ९१ | ८४ |
| ८ वी | ६६ | ६० | ४१ | ६८ | ८९ | ७१ |
| ९ वी | ७२ | ६६ | ३८ | ५८ | ८७ | ६८ |
| १० वी | ६९ | ६८ | ४९ | ७२ | ९२ | ९० |
| एकूण | ३८९ | ३७२ | २८१ | ७६ | | |

ऑक्टोबरची टक्केवारी दसऱ्यानंतर परीक्षेपर्यंतच्या पाचच कामाच्या दिवसांची आहे, म्हणून तिच्यावर फार भार टाकू नये. सप्टेंबर तुलनेत घेतलाच नाही. अतिवृष्टीच्या सुट्ट्या आणि बंद रस्ते यांमुळे त्या महिन्याच्या हजेरीवरून मुलांबद्दल काहीच ठरत नाही.

पाचवी ते सातवीबद्दल विशेष लिहिण्यासारखे नाही. ऑक्टोबरमधली घट सोयाबीन काढणी आणि कापूस वेचणीची आहे, ती दरवर्षीच असते.

काळजी नववीची आहे. गेल्या वर्षी याच सत्रात नववीचे ६६ टक्के उत्तीर्ण होते, यंदा ५८. शिक्षक सभेत याला 'मुलं येत नाहीत' हे एकच कारण दिले गेले. नोंदी पाहता ते अर्धेच खरे आहे. सत्रात ७५ टक्क्यांपेक्षा कमी हजेरी असलेले २१ जण आहेत. त्यांतले १५ परीक्षेला बसले आणि ३ उत्तीर्ण झाले. उरलेले ५१ जण नियमित येतात, सगळे परीक्षेला बसले, तरी १६ अनुत्तीर्ण आहेत. या १६ पैकी १३ जण फक्त गणितात, तेही बहुतेक भाग १ मध्ये अडकले आहेत. त्यांच्या उत्तरपत्रिका मी पाहिल्या. संचाची उदाहरणे बरी सोडवली आहेत, बहुपदीचा प्रश्न कोरा आहे किंवा चिन्हांत चुकला आहे. या मुलांना हजेरीची नोटीस पाठवून काय साधणार? त्यांना ऋण संख्या आणि बैजिक राशींची आठवीतली उजळणी हवी. सरसकट जादा तास लावले, तर गैरहजर मुले त्यालाही येणार नाहीत आणि ही तेरा मुले तेच पुन्हा ऐकतील.

आठवीच्या हजेरीबाबत एक गोष्ट स्पष्ट लिहितो. ६ ऑक्टोबरला कॅटलॉगवर ५० मुले हजर आहेत, आहाराच्या नोंदीत ३८. काही मुले डबा आणतात हे धरूनही इतर दिवशी हा फरक तीन-चारचा असतो. म्हणजे तक्त्यातले ७१ टक्केही फुगलेले असू शकतात. कोणावर ठपका ठेवण्याचा हेतू नाही, पण हजेरी पहिल्या तासालाच आणि नाव पुकारून घेतली जावी. आठवीला वार्षिक परीक्षेत अनुत्तीर्ण होऊन पुनर्परीक्षाही न सुटल्यास त्याच वर्गात बसावे लागते. बसलेल्यांतले १९ जण आज त्या वाटेवर आहेत. परीक्षेलाच न आलेले सहा वेगळे.

दहावीचा निकाल सुधारला आहे : हीच तुकडी गेल्या वर्षी ६६ टक्क्यांवर होती. अनुत्तीर्ण १९ पैकी ११ जण एकाच विषयात मागे आहेत. मात्र चौघांची हजेरी ७५ टक्क्यांखाली आहे. बोर्डाची अट त्यांच्या पालकांना आत्ताच लेखी कळवावी, फेब्रुवारीत धावपळ नको.

दिवाळीनंतरचे चित्र आकड्यांपेक्षा बोलके आहे. शाळा उघडल्यापासून नववीत रोज ४४-४५ मुले येत आहेत. वर्गशिक्षकांच्या माहितीनुसार आठवीची ११ आणि नववीची १४ मुले आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेली आहेत. बाकीची गावातच आहेत. त्यांच्या घरी जाता येईल.

आपल्या निर्णयासाठी :

आठवीच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीच्या याच महिन्याच्या बैठकीत घ्यावा. गेलेल्या मुलांना शिक्षण हमी कार्ड मिळाले का, हे मुकादमांकडून फोनवर विचारता येईल. दोन मुकादम आपल्याच पालकांपैकी आहेत. नववीच्या तेरा मुलांसाठी मधल्या सुट्टीनंतरचा कार्यानुभवाचा तास आठवड्यातून दोनदा गणिताला द्यावा, संबंधित शिक्षकांची तयारी आहे. विद्यार्थीनिहाय याद्या सोबत जोडल्या आहेत. त्या कृपया सूचना फलकावर लावू नयेत.

आपला विश्वासू,
परीक्षा विभागप्रमुख