खरीप पेरणीच्या साप्ताहिक अहवालाबाबत कार्यालयीन सूचना

प्रति, सांख्यिकी सहायक, तालुका कृषी अधिकारी कार्यालय

या शुक्रवारपासून पेरणी संपेपर्यंत तालुक्याचा साप्ताहिक पेरणी अहवाल आपण संकलित करावयाचा असून, तो दर शुक्रवारी दुपारी १२ वाजेपर्यंत उपविभागीय कृषी अधिकारी कार्यालयास पोहोचला पाहिजे.

पाचही मंडळ कृषी अधिकाऱ्यांकडून गावनिहाय पेरणीचे, कृषी सहायकांच्या आकड्यांवरून तयार झालेले व स्वाक्षरी केलेले तक्ते गुरुवारी सायंकाळपर्यंत घ्यावेत. पावसाचे मंडळनिहाय आकडे महावेध केंद्रांच्या नोंदींवरून घ्यावेत. ही नोंद सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांची असल्याने गुरुवारी दुपारी पडलेला पाऊस पुढील आठवड्यात मोजला जाईल. सर्वसाधारण क्षेत्र मागील आठवड्याच्या मंजूर अहवालातूनच उचलावे.

आकडे भरल्यावर पिकांची आडवी व मंडळांची उभी बेरीज पुढील सूत्राने ताडून पाहावी. उत्तर शून्यच आले पाहिजे.

```
=ROUND(SUM(I5:I9)-SUM(C10:H10),2)
```

मात्र या सूत्रावर विसंबून राहू नये. चुकीचा टंकलेला आकडा दोन्ही बेरजांत सारखाच शिरतो व उत्तर शून्यच येते. म्हणून प्रत्येक मंडळाची बेरीज त्या मंडळाच्या स्वाक्षरीच्या तक्त्यावरील एकूण आकड्याशी स्वतंत्रपणे जुळवावी. फरकास ९ ने नि:शेष भाग जात असल्यास बहुधा दोन अंक उलटसुलट झालेले असतात. १८६५ ऐवजी १६८५ टंकल्यास १८० चा फरक पडतो. एखाद्या गावाचा आकडा अपेक्षेच्या सुमारे अडीचपट दिसल्यास तो हेक्टरऐवजी एकरात आला आहे काय, हे दूरध्वनीवरून विचारावे.

तालुक्याची टक्केवारी मंडळांच्या टक्केवारीची सरासरी काढून कधीही देऊ नये. ६,००० पैकी ३,००० हेक्टर आणि २,००० पैकी १,८०० हेक्टर पेरणी झालेल्या दोन मंडळांची सरासरी ७० टक्के दिसते. प्रत्यक्षात पेरणी ६० टक्केच आहे, आणि बियाणे व खतांच्या नियोजनात हा फरक लहान नाही.

पेरणी प्रगतिपर असल्याने तालुक्याचे एकूण क्षेत्र मागील आठवड्यापेक्षा कमी येऊ नये. एखाद्या पिकाचे मात्र येऊ शकते, कारण सोयाबीन मोडून मका घेतल्यास एका रकान्यातून वजा झालेले क्षेत्र दुसऱ्यात जमा होते. त्याच पिकाची दुबार पेरणी शेऱ्यात दाखवावी, बेरजेत धरू नये. सोयाबीनमधील आंतरपीक तुरीचे क्षेत्र ओळींच्या प्रमाणात विभागावे. दोन्ही पिकांखाली पूर्ण क्षेत्र लावल्यास कागदावरची पेरणी गावच्या जमिनीहून मोठी होते, आणि असे आकडे दरवर्षी कुठून तरी येतातच.

एखाद्या मंडळाचा तक्ता शुक्रवारी सकाळी १० पर्यंत न आल्यास अंदाजे आकडा न भरता त्या मंडळाचा मागील आठवड्याचा आकडा कायम ठेवून शेऱ्यात तसे नमूद करावे. तपासलेली प्रत ११ वाजता माझ्याकडे स्वाक्षरीसाठी ठेवावी व अहवाल पाठविल्यानंतर पोच मूळ तक्त्यांसह नस्तीत लावावी.

तालुका कृषी अधिकारी